येणं नक्की नसताना निमंत्रणाला उत्तर कसं द्यावं: तारीख देऊन कळवण्याची पद्धत

‘बघतो’, ‘जमवतो’, ‘प्रयत्न नक्की करतो’. आरएसव्हीपी मागणाऱ्या निमंत्रणाला निम्म्या लोकांचं उत्तर यांपैकीच एक असतं आणि देणाऱ्याला वाटतं, आपण उत्तर दिलं. यजमानाच्या हाती मात्र काहीच लागत नाही. त्याला एका ठरलेल्या दिवशी जेवणवाल्याला आणि हॉलवाल्याला एकच आकडा सांगायचा असतो, आणि कळवलेल्या आकड्याचे पैसे बहुधा माणसं आली नाहीत तरी द्यावे लागतात. त्या आकड्यात ‘बघतो’ कुठे धरायचं? काही यजमान अशांना आलेलं धरतात, काही न आलेलं, आणि दोन्हींत कुणीतरी चुकतं.

खरोखरच ठरलेलं नसेल तर तसं सांगण्यात काही गैर नाही. फक्त त्या उत्तरात तीन गोष्टी लागतात: कशामुळे अडलंय, नक्की उत्तर कोणत्या तारखेला देणार, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर यजमानाने काय धरायचं. यातली तिसरी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. खालची पद्धत या तिन्ही गोष्टी नीट ठरवण्यासाठी आहे.

सोबत एक उदाहरण घेऊ. एका परिचारिकेला तिच्या जुन्या वरिष्ठ मॅडमच्या निवृत्तीच्या समारंभाचं निमंत्रण आलंय. समारंभ शनिवारी, 24 तारखेला संध्याकाळी आहे. निमंत्रण नवरा-बायको दोघांना आहे. उत्तर 10 तारखेपर्यंत मॅडमच्या मुलीला कळवायचंय. निमंत्रण हातात पडलं तो दिवस गुरुवार, 1 तारीख. अडचण अशी की महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्याचं ड्युटीचं वेळापत्रक मंगळवारी, 6 तारखेला लागणार आहे.

## पूर्वतयारी: निमंत्रण पुन्हा एकदा वाचा

उत्तर लिहायला घेण्याआधी निमंत्रणातून चार गोष्टी बाजूला काढा: उत्तराची शेवटची तारीख, उत्तर कुणाला द्यायचं, निमंत्रण नेमकं कितीजणांना आहे, आणि न कळवल्यास काय धरलं जाणार आहे.

चौथ्या गोष्टीवर लोक हमखास अडखळतात. काही निमंत्रणांवर ‘येणार नसाल तरच कळवा’ असं लिहिलेलं असतं. तिथे गप्प बसणं म्हणजे ‘येतो’. म्हणजे अशा निमंत्रणाला ‘नक्की झालं की सांगू’ म्हणून थांबलात, तर तुमच्या नावाची खुर्ची आणि ताट आधीच मोजलं गेलेलं असतं. अशा वेळी अनिश्चित माणसाने मुद्दाम लिहायलाच हवं.

शेवटची तारीखच दिलेली नसेल तर आधी तीच विचारा: ‘तुम्हाला आकडा कधीपर्यंत हवाय?’ ती कळल्याशिवाय पुढचा हिशोब होतच नाही.

## पायरी 1: अनिश्चितता कसली आहे ते ओळखा

तारीख देऊन कळवण्याची पद्धत एकाच प्रकारच्या अनिश्चिततेला लागू पडते: जिचं उत्तर एखाद्या ठराविक दिवशी बाहेरून येणार आहे. रजा मंजूर होणं, परीक्षेचं वेळापत्रक लागणं, डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख देणं. आपल्या परिचारिकेचं ड्युटीचं वेळापत्रक याच प्रकारातलं.

दुसरा प्रकार म्हणजे ज्याचा उलगडा त्याच दिवशी होणार. घरात आजारी माणूस आहे आणि सोडून निघता येईल की नाही हे 24 तारखेच्या दुपारीच कळणार, अशा वेळी आधीची एखादी तारीख, समजा 8, देऊन त्या दिवशी कळवतो म्हणणं खोटं आहे. 8 तारखेलाही तुम्हाला तेवढंच माहीत असेल जेवढं आज आहे. इथे सरळ नाही म्हणा आणि कारण सांगा. यजमान जवळचा असेल तर तोच म्हणेल, ‘आकड्यात धरत नाही, पण त्या दिवशी जमलं तर ये.’ ही मुभा त्याने द्यायची, आपण मागायची नाही.

तिसरा प्रकार कुणी कबूल करत नाही: जायची इच्छा नाही, किंवा त्याच दिवशी दुसरीकडून बरं बोलावणं येतंय का याची वाट पाहणं चाललंय. याला कुठलीही तारीख लागू पडत नाही. आजच ठरवा.

तपासणी: ‘अमुक गोष्ट कळली की माझं ठरेल’ हे वाक्य मनाशी पूर्ण करून पाहा. ‘अमुक’च्या जागी ठोस गोष्ट आणि तिचा दिवस आला तर पुढे चला. ‘बघू कसं जमतंय ते’ एवढंच आलं, तर आज हो किंवा नाही यांपैकी एक निवडा.

## पायरी 2: वचनाची तारीख काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि सगळ्यात घाईत उरकलं जाणारंही. तारीख दोन टोकांच्या मध्ये बसली पाहिजे. एका टोकाला तुमची अडचण सुटण्याचा दिवस, दुसऱ्या टोकाला यजमानाने दिलेली शेवटची तारीख.

अडचण सुटण्याच्या दिवसात थोडी सवड मिळवा. वेळापत्रक 6 तारखेला लागणार म्हणून 6 तारखेचं वचन देऊ नका. ते संध्याकाळी उशिरा लागू शकतं, आणि 24 तारखेला नेमकी आपली ड्युटी लागली तर बदली करायला कुणी तयार आहे का हे विचारायला एखादा दिवस जातोच. म्हणून तिने 6 अधिक 2, म्हणजे गुरुवार, 8 तारीख धरली.

आता दुसरं टोक पाहा. शेवटची तारीख 10. म्हणजे 8 तारखेला उत्तर गेलं तरी दोन दिवस हातात राहतात. हे दोन दिवस यजमानाचे. बरेचजण वचनाची तारीख म्हणून थेट 10 तारीखच देतात, आणि त्यात नवीन काही सांगितलंच जात नाही, कारण 10 तर यजमानानेच दिली होती. शिवाय त्या दिवशी काही चुकलं तर सावरायला वेळ उरत नाही.

मग वेळापत्रक 6 ऐवजी 13 तारखेला लागणार असतं तर? तेव्हा दोन टोकं उलटी होतात आणि मधे जागाच राहत नाही. अशा वेळी स्वतःच्या मनाने ‘14 तारखेला कळवते’ असं लिहून मोकळं होणं, ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत त्रासदायक चूक. यजमानाने घातलेली मुदत तुम्ही त्याला न विचारता वाढवलेली असते, आणि आता नाही म्हणण्याचा वाईटपणा त्याने घ्यायचा. याऐवजी एक प्रश्न विचारा आणि नकाराची वाट मोकळी ठेवा:

> माझं 13 तारखेआधी ठरणार नाही. तुम्हाला पुढे आकडा त्याआधी द्यायचा असेल तर मला धरू नका, अजिबात संकोच करू नका. 14 पर्यंत थांबता येत असेल तरच सांगा.

यजमान ‘चालेल’ म्हणाला तर 14 ही आता दोघांची तारीख झाली. त्याने उत्तर दिलं नाही किंवा ‘बघू’ म्हणाला, तर ते नाही समजा आणि 10 तारखेच्या आत नकार कळवून टाका.

सावधान: ‘आठवड्याभरात’, ‘लवकरच’, ‘महिनाअखेरीपर्यंत’ या तारखा नव्हेत. ‘पुढच्या गुरुवारी’सुद्धा टाळा; कुणी तो या आठवड्यातला धरतं, कुणी त्यापुढचा. वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा: ‘गुरुवारी, 8 तारखेला, रात्री आठपर्यंत’.

## पायरी 3: निरोप लिहा

क्रम असा ठेवा: आभार, अजून ठरलेलं नाही हे स्पष्टपणे, कारण एका ओळीत, तारीख, आणि शेवटी न कळवल्यास काय धरायचं. आभारांत फार रमू नका. पहिल्या दोन ओळींत ‘किती आनंद झाला, यायलाच हवं’ वाचून यजमान पुढचं नीट न वाचता तुम्हाला यादीत घालून मोकळा होतो.

आपल्या परिचारिकेने लिहिलेला पहिला खर्डा असा होता:

> खूप छान वाटलं निमंत्रण बघून! मॅडमसाठी यायलाच हवं. फक्त ड्युटीचं जरा बघावं लागेल, सध्या खूप गडबड आहे, दोघीजणी रजेवर गेल्यात. पण काहीही करून जमवते. कळवते लवकर.

हे वाचून मॅडमची मुलगी दोघांची नावं ‘येणार’ या रकान्यात लिहील. ‘यायलाच हवं’ आणि ‘काहीही करून जमवते’ या शब्दांपुढे ‘बघावं लागेल’ कुणाला दिसत नाही. कारण लांबलचक आहे, पण त्यातून कधी कळणार ते समजत नाही. किती माणसं, तेही नाही. तिने तो पुसून असा लिहिला:

> नमस्कार ताई, मॅडमच्या समारंभाचं निमंत्रण मिळालं, आठवणीने बोलावलंत, आभार. आमचं येणं अजून नक्की नाही. 24 तारखेची माझी ड्युटी 6 तारखेला कळेल. मी गुरुवारी, 8 तारखेला, रात्री आठपर्यंत तुम्हाला नक्की सांगते. तोपर्यंत आम्हा दोघांना आकड्यात धरू नका. माझ्याकडून काही आलं नाही तर येणार नाही असंच समजा.

शेवटची दोन वाक्यं लिहिताना हात अडखळतो. कोरडं वाटतं, मान ठेवला नाही असं वाटतं. पण यजमानाला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होतो. आता मॅडमच्या मुलीला तुमच्या मागे लागावं लागत नाही. 8 तारीख उलटली की तिचा हिशोब आपोआप पूर्ण होतो.

न कळवल्यास ‘येणार’ धरा, असं उलट लिहू नका. जो माणूस उत्तर द्यायला विसरतो तो यायलाही विसरू शकतो, आणि रिकाम्या खुर्चीचे पैसे यजमानाचे जातात.

दोघांपैकी एकाचंच अडलं असेल तर उत्तर फोडून द्या. समजा नवऱ्याचं नक्की आहे आणि तिचं नाही. तेव्हा ‘आमचं ठरायचंय’ म्हणून दोघांनाही टांगून ठेवायचं कारण नाही: ‘हे नक्की येतील, एक धरा. माझं 8 तारखेला सांगते.’ यजमानाच्या यादीतली एक जागा आजच पक्की होते. मात्र तुम्ही नसाल तर ते एकटे जाणार आहेत का, हे आधी घरात विचारून घ्या. हे न विचारता एकाचं नाव कळवून नंतर ‘ती येत नाही म्हणून मीही नाही’ असं बरेच वेळा होतं.

तपासणी: निरोप पाठवण्याआधी तो यजमानाच्या जागी बसून वाचा आणि आजच्या आज आकडा लिहायचा झाला तर काय लिहाल ते पाहा. उत्तर पटकन ‘शून्य, 8 तारखेनंतर बदलू शकतं’ असं आलं पाहिजे.

## पायरी 4: योग्य माणसाला, योग्य जागी पाठवा

निमंत्रणात ज्याचं नाव दिलंय त्यालाच कळवा. मॅडम रोज भेटतात म्हणून त्यांच्या कानावर घातलं, तर ते मुलीच्या यादीपर्यंत पोहोचेलच असं नाही. उत्सवमूर्तीच्या डोक्यात तेव्हा इतर शंभर गोष्टी असतात.

तोंडी बोलणं झालं असेल तरी मागाहून दोन ओळी लिहून पाठवा. फोनवर ‘आठला सांगते’ हे आठ तारीख की आठ वाजता, असाही घोळ होतो. आणि ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथे तुमचा निरोप अभिनंदनाच्या ओघात वर सरकून जातो, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या अनिश्चितांना ‘आपणही थांबू’ असं सुचतं.

कॅलेंडरवरून आलेल्या निमंत्रणाला गूगल कॅलेंडरमध्ये `Maybe` आणि आउटलुकमध्ये `Tentative` असं बटण असतं. ते दाबा, पण त्यावर थांबू नका. ते फक्त ‘नक्की नाही’ एवढंच सांगतं, कधी नक्की होणार ते नाही. सोबत निरोप जोडा. आउटलुकमध्ये उत्तर देताना `Do Not Send a Response` निवडलं गेलं तर तुमच्या कॅलेंडरात नोंद होते आणि बोलावणाऱ्याला उत्तराचा मेल जातच नाही. आपण कळवलं असं तुम्हाला वाटत राहतं.

फॉर्ममध्ये हो आणि नाही असे दोनच पर्याय असतील तर तूर्त ‘हो’ दाबून ठेवू नका. असे फॉर्म थेट आकडा मोजतात. फॉर्म तसाच ठेवा, यजमानाला वरचा निरोप पाठवा, आणि शेवटी एवढं जोडा: ‘ठरलं की 8 तारखेला फॉर्म भरते.’

## पायरी 5: मधले दिवस सांभाळा

निरोप गेला की लगेच फोनवर दोन आठवणी लावा. एक अडचण सुटण्याच्या दिवसाची, इथे 6 तारखेच्या संध्याकाळची: वेळापत्रक बघ, गरज असल्यास बदली विचार. दुसरी वचनाच्या दिवसाची, 8 तारखेच्या सकाळची. रात्री आठची आठवण रात्री आठला लावण्यात अर्थ नाही. तेव्हा तुम्ही नेमके प्रवासात असता.

6 तारखेची वाट पाहत नुसतं बसूही नका. वेळापत्रक करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की 24 ची संध्याकाळ मोकळी मिळाली तर बरं. वचन दिलंय ते प्रयत्न करण्याचंही आहे.

या काळात 24 तारखेचं दुसरं कुठलंही बोलावणं स्वीकारू नका. आणि जे तिकीट रद्द केल्यावर पैसे परत मिळत नाहीत असं तिकीट काढू नका.

उत्तर लवकर कळलं तर 8 ची वाट पाहू नका. 6 ला संध्याकाळी ड्युटी नाही असं दिसलं तर त्याच रात्री कळवा. नकार असेल तर त्याहून लवकर. ‘नाही’ सांगायला जड जातं म्हणून लोक ते शेवटच्या तासापर्यंत दाबून धरतात, आणि तेवढ्या वेळात ती जागा दुसऱ्या कुणाला देता आली असती.

## पायरी 6: ठरल्या तारखेला नक्की उत्तर द्या

हा निरोप स्वतंत्र वाचला तरी समजला पाहिजे. ‘हो, येतोय’ एवढंच पाठवू नका. यादी सांभाळणाऱ्याकडे असे बरेच निरोप आलेले असतात.

> नमस्कार ताई, 8 तारखेला कळवते म्हटलं होतं. 24 तारखेच्या समारंभाला आम्ही दोघं नक्की येतोय. दोन जागा धरा.

नकार याहूनही छोटा असावा:

> नमस्कार ताई, 24 तारखेला माझी ड्युटी लागली आणि बदली मिळाली नाही. आम्हाला येता येणार नाही. मॅडमना सवडीने येऊन भेटेन.

ड्युटी कुणी लावली, कुणी बदली नाकारली हे सगळं सांगत बसू नका. लांबलेला नकार वाचून यजमानाला वाटतं, आता हिची समजूत घालायला हवी.

8 तारीख आली आणि वेळापत्रकच लागलं नाही, तर? गप्प बसू नका, तरी निरोप पाठवाच. यजमानाची तारीख 10 असल्याने इथे एकदाच सवलत मागता येते: ‘वेळापत्रक अजून लागलेलं नाही. उद्या, शुक्रवारी, रात्री आठपर्यंत कळलं तर सांगते, नाहीतर नाहीच समजा.’ एकदाच. शुक्रवारीही कळलं नाही तर तुमचं उत्तर ‘नाही’ आहे, आणि ते स्वतःहून पाठवायचं. शनिवारी दुपारी वेळापत्रक लागून संध्याकाळ मोकळी निघाली, तरी ‘आता येऊ का’ असा हट्ट धरू नका. फक्त झालं ते कळवा: ‘आत्ता कळलं, ड्युटी नाही. आकडा दिला असेल तर काहीच हरकत नाही.’ जागा असेल तर बोलावणं येईल.

तपासणी: नक्की उत्तरावर पोच आली का ते पाहा. दुसऱ्या दिवशीपर्यंत काहीच आलं नाही तर एक फोन करा. हो कळवलेलं पोहोचलं नाही, तर पहिल्या निरोपाप्रमाणे तुम्ही ‘येणार नाही’ या रकान्यातच आहात, हे विसरू नका.

## पायरी 7: नक्की सांगून मग मोडलं तर

हो कळवल्यानंतर अडचण आली, तर आता लिहिण्याची नाही, फोन करण्याची वेळ आहे. आकडा पुढे गेलेला असू शकतो आणि निरोप केव्हा वाचला जाईल याचा भरवसा नाही. पहिल्याच वाक्यात सांगा की येता येणार नाही, किती जागा मोकळ्या झाल्या तेही सांगा, मग कारण. आणि तुमच्या जागी तुम्ही परस्पर दुसऱ्या कुणाला पाठवू नका. ती जागा कुणाला द्यायची ते यजमान ठरवेल. समारंभाच्याच दिवशी मोडलं तर उत्सवमूर्तीला फोन करू नका, ज्याच्याकडे यादी आहे त्याला करा.